संचालकांचे खाते आणि ठरावाचा कागद: असूचीबद्ध सार्वजनिक कंपन्यांच्या लेखापरीक्षकांना खुले पत्र

असूचीबद्ध सार्वजनिक कंपन्यांच्या अहवालांवर सही करणाऱ्या सर्व सनदी लेखापालांना,

सप्रेम नमस्कार.

कंपनी कायदा २०१३ च्या कलम १९७(१६) प्रमाणे, संचालकांना दिलेला मोबदला या कलमाला धरून आहे की नाही आणि तो मर्यादेपेक्षा जास्त आहे का, हे आपल्याला आपल्या अहवालात लिहावे लागते. हे पोटकलम १२ सप्टेंबर २०१८ पासून लागू झाले. बहुतेक अहवालांत त्याखाली एकच वाक्य दिसते, तेही आधीच्या वर्षीच्या अहवालातून जसेच्या तसे उचललेले. संचालकांना दिलेल्या कर्जांबाबत कारो २०२० च्या तिसऱ्या परिच्छेदातील चौथ्या खंडाखाली येणाऱ्या वाक्याचीही हीच गत आहे. या दोन वाक्यांमागे वर्किंग पेपरमध्ये काय असायला हवे, एवढ्यासाठीच हे पत्र लिहीत आहोत. आम्ही काही लेखापाल आणि कंपनी सेक्रेटरी आहोत. रोजच्या कामात आम्हाला जिथे चुका दिसतात, तिथेच लक्ष वेधतो आहोत.

सूचीबद्ध कंपन्यांवर सेबीचे वेगळे नियम आहेत, बारकाईने पाहणारे भागधारकही असतात. घरातल्या घरात चालणाऱ्या सार्वजनिक कंपनीत आपल्याशिवाय दुसरे कोणीच हे तपासत नाही. म्हणून याच कंपन्यांवर थांबतो.

एक उदाहरण घेऊ. कंपनी काल्पनिक आहे, पण यातली प्रत्येक चूक नेहमी पाहायला मिळते. चाकणजवळ वाहनांचे सुटे भाग बनवणारी असूचीबद्ध सार्वजनिक कंपनी. थोरला भाऊ व्यवस्थापकीय संचालक, वर्षाचा मोबदला ८४ लाख. धाकटा पूर्णवेळ संचालक, मोबदला ६० लाख. बाकीच्या संचालकांना मिळून ६ लाख कमिशन. वर्ष २०२३-२४. नफा-तोटा पत्रकात करपूर्व नफा १३.५० कोटी.

कंपनीने आपल्यापुढे ठेवलेला तक्ता अर्ध्या पानाचा आहे. करपूर्व नफ्यात संचालकांचा दीड कोटी मोबदला परत मिळवला, झाले १५ कोटी. एकाहून जास्त व्यवस्थापकीय किंवा पूर्णवेळ संचालक असतील तर त्या सर्वांना मिळून १० टक्के, म्हणजे दीड कोटी. दिले १.४४ कोटी. बाकीच्या संचालकांना १ टक्का, म्हणजे १५ लाख. दिले ६ लाख. एकूण ११ टक्क्यांची मर्यादा १.६५ कोटी; दिले दीड कोटी. सगळे बसते, असे तक्ता सांगतो.

मोबदला परत मिळवणे बरोबरच आहे, कारण कलम १९७ साठी नफा मोजताना संचालकांचा मोबदला वजा करायचा नसतो. चूक पुढे आहे. तक्ता सुरू झाला तो आकडा पत्रकातला करपूर्व नफा आहे, आणि कलम १९८ चा नफा ही वेगळी गोष्ट आहे. पत्रकातील प्रत्येक ओळ कलम १९८ च्या चाळणीतून जायला हवी. या कंपनीत चार ओळी अडकतात.

पहिली ओळ जमिनीची. कंपनीने जुना प्लॉट विकला आणि ५.२० कोटी नफा दाखवला. स्थावर मालमत्ता विकून झालेला भांडवली नफा कलम १९८(३) प्रमाणे धरता येत नाही, कंपनीचा धंदाच मालमत्ता विकण्याचा असेल तर गोष्ट वेगळी. यंत्र विकले असते तर मूळ किंमत आणि घसारा जाऊन उरलेली किंमत यांतल्या फरकाइतका नफा धरता आला असता, कारण तो आधी वजा केलेला घसाराच परत आलेला असतो. जमिनीवर घसारा नसतो, म्हणून इथे पूर्ण ५.२० कोटी बाहेर. दुसरी ओळ म्युच्युअल फंडाच्या बाजारभावातील वाढीची, ६० लाख. न विकलेल्या गुंतवणुकीवरचा हा कागदी नफा आहे, तोही बाहेर.

तिसरी ओळ कंपनीच्या बाजूची आहे आणि तीही प्रामाणिकपणे धरायला हवी. बुडीत उधारीसाठी केलेली ४० लाखांची तरतूद परत मिळवायची, कारण कलम १९८(४) मध्ये प्रत्यक्ष निर्लेखित केलेली उधारी वजा होते, नुसती तरतूद नाही. पुढे कधी ही उधारी खरोखर निर्लेखित झाली, की त्या वर्षी ती वजा होईल. म्हणून या ४० लाखांचा हिशोब वर्षागणिक एका वेगळ्या कागदावर ठेवा. नाहीतर तीन वर्षांनी कोणालाच आठवत नाही आणि हीच रक्कम दोनदा मिळवली जाते.

चौथी ओळ पत्रकात दिसतच नाही, म्हणून ती सर्वांत जास्त सुटते. कलम १९८ प्रमाणे मोजलेला मागील वर्षांचा तोटा, जो नंतरच्या नफ्यातून अजून वजा झालेला नाही, तो या वर्षी वजा करावा लागतो. या कंपनीला २०२०-२१ मध्ये कलम १९८ प्रमाणे ३ कोटी तोटा होता. पुढच्या दोन वर्षांच्या नफ्यात १.४० कोटी जिरले, १.६० कोटी उरले. इथे ताळेबंदातला साठलेला तोटा उचलून चालत नाही, प्रत्येक वर्षाचा तक्ता पुन्हा मांडावा लागतो. आणि तो मांडताना आणखी एक गोष्ट उघडी पडते. ज्या दोन वर्षांचा सगळा नफा जुन्या तोट्यात गेला, त्या वर्षांत मोबदल्यासाठी नफा शून्य होता. तेव्हा कोणत्या मंजुरीवर पैसे दिले, हाही प्रश्न विचारावाच लागतो, मग त्या वर्षांच्या अहवालावर सही कोणाचीही असो.

आता १५ कोटींतून ५.२० कोटी आणि ६० लाख वजा, ४० लाख अधिक, १.६० कोटी वजा. उरले बरोबर ८ कोटी. दोघा भावांना मिळून १० टक्के म्हणजे ८० लाख. दिले १.४४ कोटी. जास्त गेले ६४ लाख. बाकीच्यांचे ६ लाख मात्र १ टक्क्याच्या, म्हणजे ८ लाखांच्या आत आहेत.

इथे व्यवस्थापनाकडून ठरलेले उत्तर येते: नफा अपुरा असेल तर अनुसूची ५ आहे ना. आहे, आणि ती नीट वाचायला हवी. तिच्या दुसऱ्या भागात प्रभावी भांडवलावरून प्रत्येक व्यवस्थापकीय व्यक्तीची वार्षिक मर्यादा ठरते. ५ कोटींपेक्षा कमी भांडवलाला ६० लाख, ५ ते १०० कोटींना ८४ लाख, १०० ते २५० कोटींना १.२० कोटी. त्यापुढे १.२० कोटी आणि २५० कोटींवरच्या रकमेच्या ०.०१ टक्के. विशेष ठराव असेल तर याहून जास्तही देता येते.

कंपनी म्हणते, आमचे भांडवल १०६ कोटी, म्हणजे मर्यादा १.२० कोटी. हा आकडा उघडून पाहा. भांडवल नियुक्तीच्या वर्षाआधीच्या ३१ मार्चचे घ्यायचे. दोघांची नियुक्ती १ एप्रिल २०२२ ची, म्हणून ३१ मार्च २०२२ चा ताळेबंद. वसूल भांडवल १२ कोटी, शेअर प्रीमियम ६ कोटी, राखीव निधी ३ कोटी, एक वर्षानंतर फेडायची मुदत कर्जे १४ कोटी, बेरीज ३५. त्यातून गुंतवणूक ४ कोटी आणि साठलेला तोटा २ कोटी वजा. उरले २९ कोटी. कंपनीने यात पुनर्मूल्यांकन निधीचे ४६ कोटी आणि बँकेच्या कॅश क्रेडिटचे ३१ कोटी घातले होते. दोन्ही अनुसूचीच्या स्पष्टीकरणाने वगळलेले आहेत. कॅश क्रेडिट वर्षानुवर्षे नूतनीकरण होऊन चालूच असते, म्हणून ते दीर्घ मुदतीचे आहे असा युक्तिवाद ऐकायला मिळतो. तो टिकत नाही, कारण खेळत्या भांडवलाचे कर्ज आणि ओव्हरड्राफ्ट नावानिशी बाहेर ठेवलेले आहेत.

तर मर्यादा ८४ लाख. थोरल्याचे ८४ लाख बरोबर मर्यादेवर, धाकट्याचे ६० लाख आत. आकडा बसला आणि बहुतेक फायली इथे बंद होतात. खरे तर आता ठरावाचा कागद काढायचा असतो.

अनुसूचीतली ही सवलत आपोआप मिळत नाही. त्यासाठी संचालक मंडळाचा ठराव हवा आणि जिथे नामनिर्देशन व मोबदला समिती बंधनकारक आहे तिथे तिची मंजुरी हवी. सर्वसाधारण सभेचा ठराव जास्तीत जास्त तीन वर्षांसाठीच चालतो. त्या सभेच्या नोटिशीसोबत अनुसूचीत सांगितलेले निवेदन लागते. त्यात उद्योगाची आणि कंपनीची स्थिती, त्या व्यक्तीची पार्श्वभूमी आणि आधीचा मोबदला, नफा अपुरा का आहे, सुधारणेसाठी काय करणार, अशी माहिती असते. शिवाय बँक, वित्तीय संस्था, अपरिवर्तनीय कर्जरोखेधारक किंवा इतर तारणधारक धनको यांचे देणे थकवले असेल, तर सभेआधी त्यांची परवानगी लागते. म्हणून मोबदल्याच्या फायलीत सभेच्या तारखेआधीचे कर्जखात्याचे उतारेही यायला हवेत.

आपल्या कंपनीच्या सप्टेंबर २०२२ च्या सभेचा ठराव असा: पाच वर्षांसाठी नियुक्ती, आणि मोबदला ‘कलम १९७ च्या मर्यादेत’. नफा अपुरा पडला तर किमान मोबदला म्हणून हेच द्यायचे, असा उल्लेख नाही. नोटिशीत निवेदन नाही. म्हणजे भागधारकांनी मंजूर केला तो टक्केवारीतला मोबदला, अनुसूचीतला नव्हे. ८४ लाखांचा आकडा तक्त्यात बसला तरी त्याला मंजुरीचा आधार नाही. जास्तीचे ६४ लाख जास्तीचेच राहतात.

पाच वर्षांच्या ठरावाबद्दल आणखी एक सूचना. समजा निवेदन जोडलेले असते, तरी अनुसूचीचा आधार ३१ मार्च २०२५ ला संपला असता. नियुक्ती चालू राहते, मोबदल्याची मंजुरी संपते. हा सांधा चौथ्या वर्षी हमखास निसटतो, म्हणून कायमच्या फायलीच्या पहिल्याच पानावर ती तारीख लिहून ठेवा.

पुढे काय? कलम १९७(९) प्रमाणे संचालकाने ही रक्कम दोन वर्षांत, किंवा कंपनीने ठरवलेल्या त्याहून कमी मुदतीत, परत करायची आणि तोवर ती कंपनीसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायची. वसुली सोडून द्यायची असेल तर रक्कम परत करण्याजोगी झाल्यापासून दोन वर्षांत विशेष ठराव हवा, आणि देणी थकलेली असतील तर बँकेची किंवा धनकोंची पूर्वपरवानगीही. दोघांपैकी कोणाकडून किती घ्यायचे, हे मंडळाला ठरावात लिहायला सांगा. अहवालाच्या तारखेपर्यंत असा ठराव झालेला नसेल, तर ‘येत्या सभेत मंजुरी घेतली जाईल’ या आश्वासनावर ‘मोबदला तरतुदींना धरून आहे’ असे लिहिता येत नाही. ६४ लाख जास्त दिले, मंजुरी नाही, वसुलीची किंवा माफीची स्थिती काय, हे तिन्ही आकड्यांसह लिहावे लागते.

मोबदला मोजताना पगारपत्रकावर थांबू नका. फॉर्म १२बीए मधल्या सवलती, कंपनीच्या नावावरचा बंगला, कंपनीने भरलेली मुलांची फी, सगळे मोबदल्यात येते. अनुसूचीखाली मोजताना भविष्यनिर्वाह निधी व सेवानिवृत्ती निधीतील करमुक्त मर्यादेपर्यंतचे योगदान, दर पूर्ण वर्षाला अर्ध्या महिन्याच्या पगारापर्यंतची ग्रॅच्युइटी आणि मुदत संपताना रजेचे रोखीकरण मर्यादेबाहेर राहते. इथे एक घोटाळा होतो: ही सूट ११ टक्क्यांच्या तक्त्यातही लावली जाते. ती अनुसूचीपुरतीच आहे.

आता कर्जाकडे येतो, कारण त्याचा माग याच संचालकाच्या खात्यात सापडतो.

थोरल्या भावाच्या खात्यात १२ जुलै २०२३ ला १८ लाख नावे पडले. शेरा: ‘पगारावर उचल’. २८ मार्च २०२४ ला पूर्ण रक्कम जमा. ५ एप्रिल २०२४ ला पुन्हा १८ लाख नावे. ३१ मार्चची शिल्लक शून्य, त्यामुळे शिल्लक तपासणाऱ्याच्या यादीत हे खाते येतच नाही. म्हणून आमचा पहिला आग्रह असा की संचालक, त्यांचे नातेवाईक आणि त्यांच्या संस्था यांच्या प्रत्येक खात्याची वर्षभरातली सर्वांत मोठी नावे बाकी काढा, आणि पुढच्या वर्षाचे पहिले दोन महिनेही त्यात घ्या. २८ मार्चला जमा झालेले पैसे कोणाच्या बँक खात्यातून आले तेही पाहा. ते कंपनीनेच आधी दुसऱ्या कुठल्या पक्षाला दिलेले असतील, तर फेड झालेलीच नाही.

ही उचल कायद्यात बसते का? कलम १८५(१) प्रमाणे कंपनीच्या किंवा तिच्या मूळ कंपनीच्या संचालकाला, त्याच्या भागीदाराला किंवा नातेवाइकाला कर्ज देता येत नाही, हमी किंवा तारणही देता येत नाही. व्यवस्थापकीय आणि पूर्णवेळ संचालकांसाठी दोनच वाटा उघड्या आहेत. सर्व कर्मचाऱ्यांना मिळणाऱ्या सेवाशर्तींचा भाग म्हणून कर्ज, किंवा भागधारकांनी विशेष ठरावाने मंजूर केलेल्या योजनेखाली कर्ज. कंपनीने पुढे केलेले कर्मचारी कर्ज धोरण मागवून वाचा. त्यात कायम कामगारांना तीन महिन्यांचा पगार, कमाल २ लाख, असे आहे. १८ लाख त्या धोरणाने मिळूच शकत नाहीत. योजना मंजूर झाली असे म्हणत असतील तर ठरावाची तारीख १२ जुलै २०२३ च्या आधीची हवी, आणि विशेष ठराव ३० दिवसांत फॉर्म एमजीटी-१४ ने निबंधकाकडे गेलेला हवा. इतिवृत्ताच्या पानावरची तारीख नंतरही लिहिता येते, चलनावरची येत नाही. म्हणून दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहा. पैसे देऊन झाल्यावर सभेने मान डोलावली, तरी कलम १८५ चा भंग पुसला जात नाही. कलम १९७(१०) सारखी माफीची सोय इथे नाही.

खात्यात आणखी एक नोंद आहे. थोरल्याच्या पत्नीची भागीदारी पेढी कंपनीला पॅकिंगचे साहित्य पुरवते. मे २०२३ मध्ये तिला ‘मालापोटी आगाऊ’ ४० लाख दिले, मार्च संपेपर्यंत माल आला नाही. इथे कागद धंद्याचाच असतो, म्हणून त्याची परीक्षा आकड्यांनी करायची. या पेढीकडून वर्षाला किती माल येतो? समजा १२ लाखांचा. मग ४० लाखांची आगाऊ रक्कम म्हणजे तीन वर्षांहून जास्त खरेदीची झाली. इतर पुरवठादारांना किती आगाऊ मिळते? खरेदीचा आदेश आहे का, त्यावर माल पोचवण्याची तारीख आहे का, उशीर झाल्यावर कोणी पत्र लिहिले का? कलम १८५ मध्ये ‘येणे बाकीच्या रूपातले कर्ज’ असे शब्द मुद्दाम घातलेले आहेत ते अशाच नोंदींसाठी.

आणि ही पेढी असल्यामुळे विशेष ठरावही उपयोगाचा नाही. संचालक किंवा त्याचा नातेवाईक भागीदार असलेली पेढी कलम १८५(१) च्या पूर्ण बंदीत येते. थोरला भाऊ सदस्य असलेली खासगी कंपनी असती तर कलम १८५(२) प्रमाणे मार्ग होता: पूर्ण तपशील देणारे स्पष्टीकरण, विशेष ठराव, आणि कर्ज घेणाऱ्याने पैसे आपल्या मुख्य धंद्यातच वापरणे. या शेवटच्या अटीसाठी घेणाऱ्या कंपनीच्या बँक खात्याचा उतारा लागतो, नुसते प्रमाणपत्र पुरत नाही. शिवाय कलम १८६ ची मर्यादा आणि व्याजदर वेगळे तपासावे लागतात.

नातेवाईक कोण, यावर घराघरांत गोंधळ असतो. कायद्याच्या यादीत पती-पत्नी, आई-वडील, मुलगा-मुलगी, सून, जावई, भाऊ आणि बहीण आहेत. भावजय, मेव्हणा, सासू-सासरे नाहीत. पण एकाच हिंदू अविभक्त कुटुंबाचे सदस्य असतील तर तेवढ्यानेच नाते लागते, आणि मग भावजयही यादीत येते. फॉर्म एमबीपी-१ मधली संचालकांची जाहीर माहिती हा आरंभ समजा. तिच्याशी निबंधकाच्या संकेतस्थळावर त्या संचालकाच्या डीआयएनखाली दिसणाऱ्या कंपन्या ताडून पाहा. पेढ्या तिथे दिसत नाहीत, त्यासाठी पुरवठादारांच्या यादीतले पत्ते, पॅन आणि बँकखातेदारांची नावे संचालकांच्या घरच्या तपशिलाशी जुळवा. कंटाळवाणे काम आहे, पण आमच्या अनुभवात पेढ्या अशाच सापडतात.

शेवटी दोन्ही कलमे जिथे एकमेकांत मिसळतात ती जागा. वर निघालेले ६४ लाख कंपनीने ‘संचालकांकडून येणे’ म्हणून दाखवले, की कोणीतरी ते उचलीच्या १८ लाखांच्या खात्यात टाकते आणि एकच बेरीज दिसते. तसे होऊ देऊ नका. ६४ लाख हे कलम १९७(९) खालचे विश्वस्त म्हणून धरलेले पैसे आहेत, त्यांना दोन वर्षांची मुदत आहे. १८ लाख हे कलम १८५ खालचे कर्ज आहे, त्याला मुदतच नाही. खाती एक झाली की १८ लाखांनाही दोन वर्षांची सवलत मिळाल्याचे भासते, आणि ६४ लाखांच्या माफीच्या ठरावात ८२ लाखांचा आकडा शिरतो. दोन खाती, दोन टिपणे, अहवालात दोन वेगळे उल्लेख: एक कलम १९७(१६) खाली, दुसरा कारोच्या त्याच चौथ्या खंडाखाली रकमेसह. अनुसूची ३ प्रमाणे मागताक्षणी फेडायच्या किंवा मुदत न ठरवलेल्या संचालकांच्या कर्जांची रक्कम आणि टक्केवारीही टिपांत यावी लागते. ३१ मार्चला शिल्लक शून्य असल्याने १८ लाख त्या तक्त्यात दिसणार नाहीत. म्हणूनच कारोखाली ते तारखांसह लिहिणे जास्त गरजेचे आहे.

कलम १८५ च्या भंगाला कंपनीवर ५ ते २५ लाख दंड आणि जबाबदार अधिकाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. अहवालाचा मसुदा देताना व्यवस्थापनाला हे लेखी कळवा आणि त्यांचे उत्तर फायलीला लावा. हे सगळे एप्रिलमध्येच मागितले तर ठराव, निवेदन आणि वसुली यांना सभेपर्यंत वेळ मिळतो. सप्टेंबरात सहीच्या आदल्या दिवशी मागितले, तर हातात फक्त गेल्या वर्षीचे वाक्य उरते.

आपले,
काही सनदी लेखापाल आणि कंपनी सेक्रेटरी